लाल पट्टीखालची हनुवटी

वसमतला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची शूटिंग आणि बाहेरची कामं नवरा बघतो, स्टुडिओतले फोटो आणि कॉम्प्युटरवरचं सगळं माझ्याकडं. गेलेल्या माणसांचे फोटो नीट करून, मोठे करून फ्रेमला देणं हे त्यातलं निम्मं काम. पूर्वी लोक ट्रंकेतून पिवळा पडलेला, कडेनं वाळवीनं खाल्लेला कागद आणायचे. आता फोन पुढं करतात आणि म्हणतात, "ताई, एवढाच हाय." वाळवीचा मला कधी राग आला नाही. ती पोटासाठी खाते. फोनमधले फोटो खाणारी माणसं कशासाठी खातात, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी बाप-लेक आले. कुरुंद्याच्या बाजूचे. बाप वाळलेला, धुऊन धुऊन पातळ झालेला पांढरा शर्ट घातलेला. लेक हिंगोलीला नर्सिंग शिकणारी, बोलायला स्पष्ट. "जयभीम ताई," म्हणून बसली आणि पिशवीतून एक प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. गुळगुळीत कागद, त्यावर एक बाई. गोरीपान, मोठे पाणीदार डोळे, पापण्या एकसारख्या कोरलेल्या, ओठांवर हलकी गुलाबी छटा. मला वाटलं कुठल्या साबणाच्या जाहिरातीतली असेल.

"एका मोबाईलवाल्याकडून करून आणलं," लेक म्हणाली. "त्यानं ॲपमधी टाकलं अन् म्हणला, एचडी झालं."

बाप त्या कागदाकडं बघतही नव्हता. म्हणाला, "ही कोन बाई हाय, मला ठाव न्हाई. माझी बायको काळी व्हती. कपाळावर गोंदण व्हतं. ते बी काढून टाकलं यानं."

"डाग समजून काढलं आसंल ॲपनं," लेक म्हणाली.

तिची आई किडनीच्या आजारानं गेली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला होता आणि त्यांना आईचा फोटो पाहिजे होता, आईसारखा दिसणारा. मी म्हटलं, ज्याच्यावरून हे केलं तो मूळ फोटो दाखवा. लेकीनं फोन हातात घेतला. शोधायला तिला वेळ लागला नाही, पण माझ्या हातात देताना तिनं स्क्रीन आधी स्वतःच्या ओढणीवर उपडी धरली. मग दिली.

तो फोटो मी ओळखला. आमच्या भागात ज्याच्याकडं फोन आहे त्यानं तो कधी ना कधी पाहिलेला आहे. वर ठळक अक्षरात 'सावधान', चेहऱ्याभोवती लाल गोल, आणि खाली हनुवटीवरून जाणारी रुंद लाल पट्टी. पट्टीत पिवळी अक्षरं: ही बाई मुलं पळवणाऱ्या टोळीतली आहे, दिसल्यास पकडून ठेवा, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

लेकच बोलली.

तिची आई टोपली घेऊन गावोगाव फिरायची. बांगड्या, कंगवे, टिकल्या, पिना, पोरांसाठी शिट्ट्या. हट्ट्याच्या पुढं एका गावात एक लेकरू शिट्टीसाठी तिच्या मागं लागलं. घरापासून बरंच लांब आलं. हिनं त्याला शिट्टी दिली आणि 'जा, घरी जा' म्हणून पाठवत होती, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्यांच्या अफवांनी सगळा भाग पेटलेला होता. तिला पाराजवळ बसवून ठेवलं. टोपली उलटी केली. कुणीतरी फोटो काढला. मग पोलीस आले, चौकशी केली, त्यात काही नाही म्हणून सोडून दिलं. तिला सोडलं, पण फोटोला कुणी धरू शकलं नाही.

"त्याच्यानंतर तिनं टोपली बंद केली," लेक म्हणाली. "रोजंदारीनं हळदीत जायची. अन् फोटो काढूच द्यायची न्हाई कुणाला. माझा नर्सिंगला नंबर लागला तर गावात सत्कार झाला, तिथं बी पदर तोंडावर घेऊन पाठमोरी बसली. आधारवरचा फोटो हाय, पण तो नुसता काळा ठिपका. लग्नातला न्हाईच. हा एकच हाय ताई, ज्याच्यात आई समोर बघून राहिली."

बाप म्हणाला, "काहून समोर बघून राहिली, ते नको इचारू."

मी दोघांना सांगितलं की बघते, पण शब्द देत नाही.

फोटो मोठा करून बघितला. चेहरा म्हणावं असं तिथं फारसं काही नव्हतं. छोटे छोटे चौकोन, एकाला एक चिकटलेले, गोधडीच्या तुकड्यांसारखे. गालाचा रंग कुठं हिरवट, कुठं जांभळट. डोळे म्हणजे दोन गडद चौकटी. लाल पट्टीचा रंग वर ओठांपर्यंत पाझरलेला. लोकांना वाटतं फॉरवर्ड करून करून फोटो झिजतो. तसं नसतं. नुसतं फॉरवर्डचं बटण दाबलं तर बहुतेक वेळा तीच फाईल जशीच्या तशी पुढं जाते. फोटो मरतो तो माणसांच्या हौशीनं. कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढतं, कुणी स्टेटसला ठेवतं, दुसरा तिथून उचलतो, तिसरा कडा कापून वर आपल्या न्यूज पोर्टलचं नाव टाकतो, चौथा लाल गोल काढतो, मग ते सगळं पुन्हा सेव्ह करून पुन्हा पाठवतो. दरवेळी फोन तो फोटो नव्यानं दाबून लहान करतो आणि बारीक तपशील फेकून देतो. गेलेलं परत येत नाही. ते ॲप ज्याला एचडी म्हणतं ते म्हणजे अंदाजानं दुसराच चेहरा काढून चिकटवणं. त्याला या बाईचं गोंदण कसं माहीत असणार?

म्हणून उपाय एकच होता. जितकी कमी हौस झालेली असेल तितकी जुनी प्रत शोधणं.

म्हणजे मला लोकांकडं तो फोटो मागावा लागणार होता. तेही त्याच नावानं, कारण दुसऱ्या नावानं कुणी ओळखलाच नसता. मी ओळखीच्या लोकांना एकेकट्याला मेसेज केले: तो पोरं पळवणाऱ्या बाईचा जुना फोटो आहे का? लिहिताना माझा अंगठा जड झाला. पण फोटो यायला काही वेळ लागला नाही. हळदीच्या अडतीवरच्या एका ओळखीच्या माणसानं लगेच पाठवला. माझ्या माहेरच्या एका शिक्षक नातेवाइकानं पाठवला, सोबत 'पुन्हा आली का काय?' आणि रागानं लाल झालेलं तोंड. एका मावशीनं पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ किती निर्ढावलेली नजर.' कुणी विचारलं नाही की तुला कशाला हवाय. कुणाला शोधावं लागलं नाही. आपल्या लेकरांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो यांच्या फोनमधून जागा नाही म्हणून उडाले होते. माझ्याकडंच येऊन 'काही करता येईल का' म्हणून रडले होते त्यातले दोघं. हा मात्र सगळ्यांनी जपून ठेवला होता.

ज्या ज्या प्रती आल्या त्या मी ओळीनं लावल्या. एकीवर वर बॅटरी आणि घड्याळ, म्हणजे स्क्रीनशॉट. एकीवर कोपऱ्यात हसरी तोंडं. एकीत शेजारी दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा फोटो जोडलेला, 'टोळीतील दोघी'. गावाचं नाव दरवेळी वेगळं: नांदेड, परभणी, अकोला, एकावर तर तेलंगणातलं कुठलं तरी. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोला स्वतःची काही माहिती राहत नाही. कुठल्या फोननं काढला, कधी काढला, सगळं पुसलं जातं. पण ज्याच्या फोनमध्ये तो उतरतो तिथं फाईलच्या नावात उतरल्याची तारीख राहते. मी लोकांना ते नाव वाचून सांगायला लावलं. शिक्षक नातेवाइकाची प्रत सगळ्यांत जुनी निघाली. तिच्यावर गोल नव्हता, पट्टी होती, आणि गावाचं नाव हट्ट्याच्या पुढचं, खरं होतं.

त्या प्रतीत चौकोन कमी होते. कपाळावरचं गोंदण अंधूक का होईना दिसत होतं. पण पट्टी तिथंही हनुवटीवरच होती. मी दोन-तीन प्रती एकमेकींवर ठेवून बघितल्या, एकीत झाकलेलं दुसरीत उघडं असेल म्हणून. सगळ्या प्रती त्या एकाच पट्टीच्या लेकी होत्या. पट्टीखाली काही मिळेना.

शिक्षकाला विचारलं, तुला कुणी पाठवला? त्यानं त्या गावातल्या एका माणसाचं नाव सांगितलं. खतं-बियाण्यांचं दुकान. त्याच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मी स्वतः केलेला होता. चांगला माणूस म्हणून आमच्या घरी त्याचं नाव निघायचं.

नवरा म्हणाला, "फोनवर माग ना."

"फोनवर मागितला तर पुन्हा दाबून पाठवेल," मी म्हटलं, आणि एसटीनं गेले.

दुकानात गर्दी नव्हती. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सांगितलं की एक जुना फोटो नीट करायचा आहे, त्याची पहिली प्रत पाहिजे. कुठला म्हणताच मी त्याला पट्टीवाला दाखवला. त्याचा चेहरा खुलला. खरंच खुलला.

"हा? हा आपलाच हाय," तो म्हणाला. "कुठं कुठं गेला बघा. माझ्या साडूनं सोलापूरहून परत मलाच पाठवला."

"मूळ आहे का? पट्टी नसलेला?"

"ज्या फोनमधी काढला तो फोन गेला पाण्यात. पण थांबा, मी घरच्या ग्रुपवर टाकला व्हता आधी. नुसता फोटो. पट्टी पोरानं मागून टाकली. मंडळीच्या फोनमधी आसंल."

बायकोचा फोन घरून मागवला. तिच्या फोनमध्ये तो होता. लग्नाच्या फोटोंच्या आणि देवाच्या फोटोंच्या मधोमध. त्यानं तो उघडून माझ्यापुढं धरला आणि मी पहिल्यांदा तो फोटो अख्खा बघितला.

आतापर्यंत सगळ्यांनी बघितला तो कापलेला होता. अख्ख्या फोटोत पार होता, भोवती पुष्कळ पाय होते, उपडी टोपली होती, मातीत फुटलेल्या बांगड्या होत्या. आणि डावीकडून एका माणसाचा हात आत आलेला होता. पांढरी बाही, मनगटावर लाल दोरा. त्या हाताच्या बोटांनी बाईची हनुवटी चिमटीत धरून वर उचलली होती. अंगठा गालात रुतला होता. त्यामुळं ती समोर बघत होती.

बाकीच्या सगळ्या प्रतींत लाल पट्टी बरोबर त्या हातावर होती.

"हा हात कुणाचा?" मी विचारलं.

"आता कुनाचा म्हणून काय सांगू. चारजण व्हते." त्यानं फोटोकडं नीट बघून घेतलं. "ती तोंड खाली घालून बसली व्हती ना. मान वर करीना. मग फोटो कसा येणार?"

बैलाच्या दातांबद्दल बोलावं तसं तो बोलला. एक चांगला फोटो यावा म्हणून काय करावं लागतं ते फोटोवालीला सांगत होता. मला तेव्हा किळस आली. चहा आला होता, अर्धा राहिलेला कप मी बाजूला सरकवला.

"ती बाई चोर नव्हती," मी म्हटलं. "पोलिसांनी त्याच दिवशी सोडली."

"ते बराबर हाय. पण आपल्याला काय माहीत तवा? आमी मारलं का तिला? उलट पोलिसाला फोन आमीच लावला. दुसऱ्या गावात आसती तर जित्ती सुटली नसती."

"नंतर कळल्यावर तुम्ही ग्रुपवर टाकलं का, की ती चोर नाही?"

तो हसला, अगदी निर्मळपणे. "ते कोण वाचतंय ताई?"

"ती गेली. महिना होईल. तिच्या लेकीला आईचा फोटो पाहिजे, आणि तिच्याकडं दुसरा नाही."

"अरेरे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाला, "घ्या की मग. मंडळीच्या फोनवरून पाठवू का?"

मी त्याला सांगितलं, फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबला जाणार नाही. त्याला ते जमेना. मी फोन हातात घेतला आणि स्वतः पाठवून घेतला. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "हे चांगलं हाय. मला म्हाईतच नव्हतं. आता आपण बी आसंच पाठवत जाऊ, क्लिअर जाईल."

चहा अर्धा ठेवून मी उठले. बस यायला वेळ होता तरी दुकानाच्या सावलीत थांबवेना. रस्त्यावर उन्हात उभी राहिले.

घरी येऊन बघितलं. ही प्रत एकदाच दाबलेली होती. चेहरा फार मोठा नव्हता, स्क्रीनवर अंगठ्याएवढा, पण तो चेहरा होता. भुवयांचे केस वेगळे दिसत होते. कपाळावर गोंदणाचे ठिपके होते. डोळ्यांत समोरच्या माणसांची बारीक काळी आकृती उतरली होती. त्यात मी फार खोल गेले नाही.

लेकीला काय दाखवायचं हा माझ्यापुढं प्रश्न होता. मी आधी हात कापून फक्त ओठांपासून वरचा चेहरा काढून ठेवला. दोघं आले तेव्हा तोच दाखवला. बापानं चष्मा काढून पुसला, परत घातला. "हीच," म्हणाला. आणि मग एकदम बाहेर जाऊन उभा राहिला.

लेक मात्र तिथंच बसली. "ताई, खालचं कुठं हाय?"

"तिथं खराब आहे."

"पट्टी हाय का?"

"नाही. पट्टी नाही."

ती हॉस्पिटलात काम शिकणारी पोरगी. लोक काही लपवतात तेव्हा आवाज कसा होतो ते तिला कळत होतं. "दाखवा," म्हणाली.

मी अख्खा फोटो उघडला. तिनं टोपली बघितली, बांगड्या बघितल्या. मग त्या हाताजवळ स्वतःचं बोट नेलं, पण स्क्रीनला लावलं नाही.

"आई रात्री झोपेत हनुवटी पुसायची," ती म्हणाली. "पदरानं. झोपेतच. आमाला वाटायचं सवय हाय."

मला वाटलं ती म्हणेल, नको हा फोटो. तिनं म्हटलं, "हात काढता येईल का?"

हात काढता येतो. हाताखाली काय होतं ते आणता येत नाही. ते मी तिला सांगितलं. ॲपला सांगितलं तर ते कुठल्या तरी हजार बायकांच्या हनुवट्यांची सरासरी काढून लावेल, आणि ती पुन्हा साबणाच्या जाहिरातीतली होईल. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. खालचा ओठ, त्याखालची खळगी, जबड्याची रुंद हाडं. वरच्या चेहऱ्याशी मी ते नजरेनं जुळवत होते.

"तुझी घेऊ का?" मी विचारलं.

तिला कळायला क्षण लागला. मग तिनं बाहेर जाऊन बापाला विचारलं. त्याचा आवाज आत आला: "तुझी अन् तिची येकच हाय. तुझी आजी म्हणायची."

फोटोतलं ऊन दुपारचं, वरून पडणारं होतं. मी तिला स्टुडिओच्या मागच्या अंगणात दुपारी उभं केलं. मान त्याच कोनात पाहिजे होती, किंचित वर उचललेली. "थोडी वर," एवढंच मी लांबून म्हणत राहिले. जवळ जाऊन मान नीट करायला मी रोज कितीदा तरी हात लावते. त्या दिवशी मला तो हात उचलवला नाही. तिला ते समजलं असावं. तिनं स्वतःच मान वर केली आणि डोळे मिटून घेतले.

काम सोपं नव्हतं. तिचा फोटो स्वच्छ, आईचा दाबलेला. सरळ चिकटवला तर ठिगळ दिसलं असतं. आधी लेकीची हनुवटी आईच्या चेहऱ्याइतकीच मऊ, अस्पष्ट केली. याही प्रतीत आईच्या गालावर उरलेले फिके हिरवे-जांभळे डाग रंगातले होते, उजेड-सावलीतले नव्हते, म्हणून रंग वेगळा काढून फक्त तोच गुळगुळीत केला आणि उजेड-सावली तशीच ठेवली. नाहीतर चेहऱ्याच्या रेषा गेल्या असत्या. सावलीतला भाग उजळवायचा मोह झाला, पण थोडा उजळला की चौकोन वर यायचे, तसा सोडून दिला. रंग थोडा उन्हात रापलेला होता, तो तसाच ठेवला. शेवटी सगळ्यावर बारीक दाणा पसरला, जुन्या फिल्मसारखा, म्हणजे दोन फोटोंचा सांधा त्यात बुडाला. मागचे पाय, पार, टोपली काढून साधी राखाडी भिंत ठेवली.

दोघांना बोलावलं. बाप खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ बसला. बघत राहिला. मग म्हणाला, "गोंदण राहिलं."

"कपाळावरचं आहे ना."

"हनुवटीवरचं. तीन ठिपके व्हते. हिला न्हाईत ना, म्हणून राहिले." त्यानं लेकीकडं बोट केलं.

ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या हाताच्या बोटांखाली ते होते. मी कपाळावरच्या गोंदणाचा हिरवट रंग उचलला आणि विचारलं, कुठं?

त्यानं आधी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. मग स्क्रीनवर. "इथं. न्हाई, थोडं खाली. डाव्या अंगाला. हां. त्याच्या खाली येक, अन् येक बाजूला." मी ठेवत गेले. तिसरा ठिपका ठेवल्यावर तो म्हणाला, "तो थोडा फिका करा. पोराला पाजताना पुसट झाला, आसं म्हणायची ती. खोटं बोलायची." आणि हसला. मग लेकही हसली. त्या सगळ्या प्रकरणात त्या दोघांचं मी तेवढंच हसू ऐकलं.

त्याला फोटो मोठा पाहिजे होता, मंडपात लांबून दिसेल असा. मी नाही म्हटलं. चेहरा मुळात अंगठ्याएवढा. फार ताणला की चौकोन परत यायचे. मध्यम आकाराची प्रिंट काढली, चमकणाऱ्या नव्हे, मॅट कागदावर. लांबून दिसला नसता, जवळून दिसला. "जवळ येऊनच बघावं लोकांनी," लेक म्हणाली.

फाईल तिनं फोनवर घेतली नाही. "फक्त कागद द्या," म्हणाली. तो अख्खा, हातासकट असलेला फोटो मात्र तिनं मागून घेतला. वेगळ्या लिफाफ्यात. बापाला सांगितलं नाही. काय करणार, मी विचारलं.

"ठेवणार," ती म्हणाली. "त्याचा हात हाय त्याच्यात. उद्या कुणी म्हणलं आसं काही झालंच न्हाई, तर."

कार्यक्रमाला मी गेले. बुद्धवंदना झाली. फोटोसमोर मेणबत्त्या होत्या, फुलं होती, आणि ती समोर बघत होती. एका नातेवाइकानं फोन काढून फोटोवर धरला, ग्रुपवर टाकायला, तसं लेकीनं उठून त्याचा फोन हातानं खाली केला. त्याला काही समजावून सांगितलं नाही. तो ओशाळला आणि बसला.

इथं हे संपलं असं मला वाटलं होतं.

काही आठवड्यांनी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो फोटो परत आला. लाल गोल, लाल पट्टी, चौकोन आणखी वाढलेले, आणि यावेळी गाव वसमत. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' अशी खूण होती, ती कुणाला काही सांगत नव्हती. ज्या घरानं पाठवला होता त्या घरच्या बारशाचा अल्बम मी केला होता.

मी लिहिलं: ही बाई वारली आहे. ती चोर नव्हती, बांगड्या विकायची. मी तिच्या घरच्यांना ओळखते. हा फोटो काढून टाका.

दोघांनी 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चित्र टाकलं. एकानं हात जोडले. एकीनं लिहिलं, 'पण सावध राहिलेलं बरं ना.' मग कुणीतरी हळदीचा आजचा भाव टाकला, त्याखाली लगेच सात-आठजण बोलायला लागले. फोटो तसाच वर सरकत गेला. थोड्या वेळानं ग्रुपच्या ॲडमिनचा मला वेगळा मेसेज आला: ताई, ग्रुपवर वाद नको, चांगलं वातावरण आहे आपलं.

मी त्याला फोन लावला. शेजारीच राहतो, भिंतीला भिंत. म्हटलं, "फोटो काढायला सांगा, नाहीतर मी घरोघरी जाऊन सांगते."

"अहो, काढला तरी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये उतरलाच आहे," तो म्हणाला. "आता काय उपयोग?"

ते खरं होतं. मी तरी चप्पल घातली आणि पहिल्या घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईच्या हातात फोन होता. मी सांगायला सुरुवात केली आणि ती मान डोलवत, मधून मधून स्क्रीनकडं बघत, ऐकत राहिली.